शाळेच्या क्रीडादिनाची धोका-तपासणी: ऊन, पाणी, साहित्य आणि देखरेख

क्रीडादिनाची धोका-तपासणी म्हणजे ‘प्रथमोपचार पेटी आहे का? आहे. पाण्याची सोय आहे का? आहे.’ अशा खुणा करून फायलीत लावायचा कागद, असा समज बहुतेक शाळांत रूढ आहे. अशा कागदाने काहीही टळत नाही, कारण त्यात प्रत्येक गोष्ट ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढ्यावरच संपते. कामाच्या तक्त्यात प्रत्येक धोक्यापुढे चार गोष्टी लिहिलेल्या असतात: तो कोणाला आहे, घडण्याची शक्यता किती, घडल्यास परिणाम किती गंभीर, आणि तो कमी करण्यासाठी कोण, केव्हा, नेमके काय करणार. शक्यता आणि परिणाम यांना १ ते ३ असे गुण देऊन त्यांचा गुणाकार केला की कोणत्या धोक्याकडे आधी पाहायचे ते कळते. गुडघे खरचटण्याची शक्यता ३ आणि परिणाम १, म्हणून गुणाकार ३. उष्माघाताची शक्यता २ धरली तरी परिणाम ३, म्हणून गुणाकार ६. अर्थात हे गुण अंदाजाचेच असतात आणि त्यांना गणिती अचूकता चिकटवण्यात अर्थ नाही. त्यांचा उपयोग एवढाच की सगळे शिक्षक एकत्र बसून कशाला किती महत्त्व द्यायचे हे मोठ्याने बोलतात. ज्या धोक्याचा परिणाम ३ आहे, त्याची शक्यता १ असली तरी त्याचा उपाय मात्र लिहिलाच पाहिजे.

सोलापूर जिल्ह्यातील एक शाळा कल्पून हा तक्ता भरून पाहू. पाचवी ते दहावीचे ४२० विद्यार्थी, अठरा शिक्षक, शाळेमागचे मोकळे मैदान, एका कडेला तीन कडुलिंब आणि क्रीडादिन फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात. डिसेंबर आणि जानेवारी स्नेहसंमेलन, सहली आणि तालुका पातळीवरील स्पर्धांत गेल्यामुळे तारीख पुढे सरकली. या दिवसांत तिथे पहाटे गारवा असतो आणि दुपारी पारा पस्तिशीच्या आसपास जातो. नेमके हेच फसवे आहे, कारण सकाळी सात वाजता स्वेटर घालून आलेल्या मुलांकडे पाहून उन्हाचा विचार कोणाच्या मनात येत नाही.

उन्हाबाबत पहिली गोष्ट अशी की बातम्यांत सांगितले जाणारे तापमान सावलीत, हवेशीर पेटीत ठेवलेल्या तापमापकाचे असते, उघड्या मैदानाचे नसते. दुसरी गोष्ट म्हणजे शरीराला जाणवणारी उष्णता केवळ तापमानावर ठरत नाही. घाम वाळतो तेव्हा शरीर थंड होते आणि हवेत आधीच भरपूर बाष्प असेल तर घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. म्हणून ३५ अंश तापमान आणि ३० टक्के आर्द्रता असलेली सोलापूरची दुपार सावलीत साधारण पस्तिशीसारखीच जाणवते, तर ३२ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असलेली रत्नागिरीची किंवा पणजीची दुपार सुमारे ४१ अंशांसारखी जाणवते. हा जाणवणारा आकडा मोबाइलवरील हवामानाच्या ॲपमध्ये प्रत्यक्ष तापमानाच्या शेजारी दिलेला असतो. तो ३२ ते ३९ च्या दरम्यान असला की विशेष सावधगिरीची पातळी मानतात आणि त्यापुढे धोक्याची. मात्र हा हिशेबही सावलीचा आहे. थेट उन्हात त्यात आणखी ८ अंशांपर्यंत भर पडू शकते. उष्णतेच्या लाटेची अधिकृत घोषणा मैदानी प्रदेशात पारा ४० अंशांपर्यंत पोहोचल्याखेरीज होत नाही, म्हणून घोषणा नाही म्हणजे धोका नाही असे समजणे चुकीचे ठरते. खारघरला १६ एप्रिल २०२३ रोजी उघड्या मैदानावर झालेल्या पुरस्कार सोहळ्यात उष्माघाताने माणसे दगावली, तेव्हा परिसरातील पारा चाळिशीच्या खालीच होता आणि ती माणसे धावत नव्हती, बसलेली होती.

हा बसण्याचा मुद्दा शाळांनी नीट लक्षात घेतला पाहिजे. शंभर मीटरची शर्यत वीस सेकंदांत संपते आणि त्या वीस सेकंदांत कोणाला उष्माघात होत नाही. त्रास होतो तो संचलनासाठी रांगेत उभे राहून, पाहुण्यांची वाट पाहताना, त्यांचे भाषण ऐकताना आणि आपल्या शर्यतीची पाळी येईपर्यंत उघड्या जमिनीवर बसून. एकाच जागी ताठ उभे राहिल्याने रक्त पायांत साठते, उष्णतेमुळे कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात, मेंदूला पुरेसे रक्त पोहोचत नाही आणि मूल धाडकन कोसळते. त्यातच ते उपाशीपोटी आलेले असेल तर हे लवकर घडते. अशा मुलाला सावलीत आडवे करून पाय थोडे उंच ठेवले की ते बहुधा काही मिनिटांत सावरते. म्हणून उन्हाच्या धोक्यावरचा सर्वांत मोठा उपाय औषधाच्या पेटीत नसून कार्यक्रमपत्रिकेत असतो.

आपल्या शाळेने पत्रिका अशी लावली, असे समजू: पावणेसातला हजेरी, सातला संचलन, आणि पाहुणे आले असोत वा नसोत, सव्वासातला पहिली शर्यत. चारशे आणि आठशे मीटरच्या धावा, रस्सीखेच आणि कबड्डी या दमछाकीच्या गोष्टी साडेनऊच्या आत संपवायच्या. त्यानंतर लिंबू-चमचा, गोळाफेक आणि लांब उडी. सव्वाअकराला मैदान रिकामे करायचे आणि बक्षीस वितरण सभागृहात किंवा व्हरांड्यात करायचे. पाहुण्यांचे भाषणही तिथेच ठेवायचे, आणि हे त्यांना निमंत्रण देतानाच सांगायचे. पाहुणे उशिरा आले म्हणून उद्घाटन खोळंबणे हा आपल्याकडचा नित्याचा अनुभव असल्याने ‘प्रमुख पाहुण्यांना उशीर’ हा तक्त्यातला स्वतंत्र धोका म्हणून लिहावा, आणि त्याचा उपाय म्हणून ‘१५ मिनिटांहून अधिक वाट पाहायची नाही, उद्घाटन मुख्याध्यापक करतील’ असे स्पष्ट नोंदवावे. हे कागदावर असले की ऐनवेळी कोणाला वाईटपणा घ्यावा लागत नाही.

उन्हाची सवय हाही तपासणीचा भाग आहे. शरीराला उष्णतेत कष्ट करण्याची सवय व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. वर्षभर वर्गात बसलेल्या मुलांकडून आदल्या तीन दिवसांत दुपारच्या उन्हात लेझीमचा आणि संचलनाचा सराव करून घेणे हे प्रत्यक्ष क्रीडादिनापेक्षा अधिक धोक्याचे ठरू शकते. त्या वेळी मैदानावर ना पाण्याचे जार असतात, ना प्रथमोपचाराचे टेबल. तक्ता सरावाच्या पहिल्या दिवसापासून लागू करावा.

पाण्याच्या रकान्यात ‘पुरेसे पाणी’ असे लिहिण्यात काही अर्थ नाही. नऊ ते बारा वर्षांच्या मुलाने खेळताना दर वीस मिनिटांनी सुमारे १०० ते २५० मिलिलिटर पाणी प्यावे, असे बालरोगतज्ज्ञ सुचवतात आणि त्याहून मोठ्या मुलांना अधिक लागते. सगळी मुले सतत खेळत नसल्याने साडेचार तासांसाठी प्रत्येकी दीड लिटर धरू. ४२० मुलांचे ६३० लिटर झाले, म्हणजे वीस लिटरचे बत्तीस जार. शिक्षक, मदतनीस आणि सांडलवंड धरून पस्तीस ते चाळीस जार मागवले की साठ्याचा प्रश्न सुटतो. मुलांनी घरून बाटल्या आणल्या तरी हा साठा कमी करू नये, कारण बाटली नऊ वाजेपर्यंत रिकामी झालेली असते.

पण खरी अडचण साठ्यात नसून नळात आहे, आणि ती बहुतेक तक्त्यांत येतच नाही. एका मुलाला पेला भरून पिऊन बाजूला व्हायला वीस सेकंद लागतात असे धरा. ४२० मुलांना मिळून ८,४०० सेकंद, म्हणजे १४० मिनिटे लागतील. दोनच नळ असतील तर पाण्याची एक सुट्टी सत्तर मिनिटांची होईल. प्रत्यक्षात तसे होत नाही, पंधरा मिनिटांनी शिट्टी वाजते आणि रांगेतली तीन चतुर्थांशांहून अधिक मुले तहानलेलीच परत फिरतात. त्यात लहान आणि बुजरी मुले सर्वांत मागे असतात. हेच दहा नळांवर चौदा मिनिटांत आटोपते. त्यामुळे तक्त्यात लिटरबरोबर नळांची संख्याही लिहावी, पाण्याची ठिकाणे मैदानाच्या निदान दोन बाजूंना सावलीत ठेवावीत आणि पाचवी-सहावीसाठी एक ठिकाण वेगळे राखावे. दर वीस-पंचवीस मिनिटांनी वर्गशिक्षकांनी आपला वर्ग स्वतः पाण्यावर नेणे ‘तहान लागली की जा’ असे सांगण्यापेक्षा कितीतरी बरे, कारण खेळाच्या नादात मुलांना तहान जाणवतच नाही.

पाण्याच्या शेजारचा रकाना स्वच्छतागृहाचा असावा. स्वच्छतागृह घाण असेल, त्याला कडी नसेल किंवा ते मैदानापासून लांब असेल तर मोठ्या मुली सकाळपासून पाणी पिणेच टाळतात. त्या कोणाला सांगत नाहीत आणि दहाच्या सुमारास डोके दुखते म्हणून बसून राहतात. एका शिक्षिकेने आदल्या दिवशी आणि त्या दिवशी दोनदा प्रत्यक्ष आत जाऊन पाहावे, एवढे या रकान्यात पुरेसे आहे.

तासाभराच्या खेळासाठी साधे पाणी आणि सोबत केळे, चिक्की किंवा पोहे पुरतात. मीठ-साखर घातलेले लिंबूसरबत चांगलेच, मात्र त्यात बाजारातील बर्फ घालू नये. खाण्यायोग्य नसलेल्या बर्फाला निळसर रंग द्यावा असा नियम आहे. तो निळसर बर्फ फक्त शरीर थंड करण्यासाठी वेगळ्या खोक्यात ठेवावा. जलसंजीवनीचे पाकीट अतिसार, उलटी किंवा खूप घाम आलेल्या मुलासाठी असते. मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळायचे असते. अर्धे पाकीट पेल्यात टाकून ‘जरा कडक’ करून देणे हानिकारक आहे. दुकानात मिळणारी गोड फळपेये ही जलसंजीवनी नव्हेत. आणि उलट टोकाचाही एक धोका आहे: तास-दोन तासांत जबरदस्तीने लिटरच्या लिटर साधे पाणी पाजले तर रक्तातील सोडियम घटून मळमळ, डोकेदुखी आणि गोंधळ सुरू होतो, म्हणून पाणी थोडे थोडे आणि वारंवार द्यावे.

काही मुलांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. पालकांकडून आठवडाभर आधी एक चिठ्ठी भरून घ्यावी, त्यात दमा, फेफरे, हृदयविकार, मधुमेह, चालू औषधे आणि गेल्या आठवड्यातील ताप किंवा जुलाब एवढेच विचारावे. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत सिकलसेलचा प्रश्नही असावा, कारण या आजारात शरीरातील पाणी कमी झाले आणि दमछाक झाली की तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. ही माहिती माईकवरून पुकारण्याची नसते. ती वर्गशिक्षक आणि प्रथमोपचाराचे टेबल यांच्याकडेच असावी. दम्याच्या मुलाचा पंप घरच्या दप्तरात राहून उपयोग नाही, तो टेबलावर नाव लिहून ठेवलेला हवा.

उष्माघात ओळखण्याची खूण तक्त्याच्या पाठीमागे मोठ्या अक्षरांत लिहावी. थकलेले, घामाघूम, चक्कर येणारे पण नीट उत्तर देणारे मूल सावली, पाणी आणि विश्रांतीने बरे होते. पण जे मूल गोंधळले आहे, असंबद्ध बोलते, लडखडते, चिडून मारायला उठते किंवा शुद्ध हरपते, त्याला उष्माघात झाला असे समजूनच चालावे. ‘उष्माघातात घाम येत नाही’ हे ऐकीव वाक्य इथे घात करते, कारण धावताना होणाऱ्या उष्माघातात मूल घामाने भिजलेले असू शकते. काखेत लावलेल्या तापमापकावरही अशा वेळी विसंबू नये. नाव, वर्ग आणि आत्ता कोणती शर्यत चालू आहे, हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तर चुकले की एकाने १०८ ला फोन लावायचा आणि दुसऱ्याने त्याच क्षणी थंड करायला सुरुवात करायची. ताडपत्रीवर मुलाला झोपवून चार जणांनी तिच्या कडा उचलून धराव्यात, आत पाणी आणि बर्फ ओतावा, पाणी हलवत राहावे आणि एकाने डोके पाण्याबाहेर धरून श्वासावर लक्ष ठेवावे. ताडपत्री नसेल तर अंगभर ओल्या चादरी टाकून त्या सतत बदलाव्यात आणि वारा घालावा. शुद्धीत नसलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नये आणि तापाची गोळी देऊ नये, तिचा इथे उपयोग नाही. आधी थंड करणे, मग हलवणे, हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण पहिल्या अर्ध्या तासात तापमान किती उतरले यावर बरेच काही अवलंबून असते. दुचाकीवर मध्ये बसवून दवाखान्याकडे धाव घेण्यात तोच अर्धा तास जातो.

साहित्याच्या बाबतीत यादी मोठी करण्यापेक्षा तीन-चार जागा नीट पाहाव्यात. पहिली म्हणजे फेकीचे प्रकार. केरळमधील पाला येथे ऑक्टोबर २०१९ मध्ये राज्य कनिष्ठ मैदानी स्पर्धेत स्वयंसेवक म्हणून उभ्या असलेल्या एका शाळकरी मुलाच्या डोक्याला हातोडाफेकीतील गोळा लागला आणि काही दिवसांनी तो मुलगा गेला. भालाफेक आणि हातोडाफेक एकाच वेळी, एकमेकांजवळ चालू होती. आपल्या शाळेत हातोडा नसेल, पण गोळा असतो आणि तो उचलून आणायला धावणारी मुलेही असतात. म्हणून तक्त्यात नियम असा असावा: फेकीचा एकच प्रकार एका वेळी चालेल, पडण्याच्या क्षेत्राभोवती दोरी असेल, प्रत्येक फेकीनंतर पंच लाल झेंडी खाली घेईल तेव्हाच कोणी आत जाईल आणि साहित्य चालत परत आणले जाईल, परत फेकले जाणार नाही. गोळा आणणारी व्यक्ती विद्यार्थी नसेल तर उत्तम.

दुसरी जागा रस्सीखेचीची. तैवानच्या तैपेई शहरात १९९७ मध्ये सुमारे १,६०० लोकांच्या रस्सीखेचीत दोर तुटला आणि त्याच्या हिसक्याने दोघांचे हात तुटले. शाळेत माणसे कमी असली तरी धोक्याचे कारण तेच राहते. नायलॉनचा दोर ताणला की लांबतो आणि तुटला की उसळून मागे येतो. विहिरीचा किंवा ट्रकवर माल बांधायचा जुना दोर आणू नये, जाड सुती किंवा तागाचा अखंड दोर घ्यावा, तो हातभर हातभर सरकवत पीळ सुटलेला आहे का ते पाहावे, आणि कोणीही तो मनगटाला किंवा कमरेला गुंडाळू नये. ‘आमच्या संघातला शेवटचा गडी कमरेला बांधतो’ असे मोठी मुले सांगतात, तिथे पंचाने शिट्टी वाजवण्याआधी स्वतः शेवटपर्यंत चालत जाऊन पाहायचे असते.

तिसरी जागा मैदान आखायच्या फक्कीची. फक्की म्हणून कळीच्या चुन्याची पूड आली तर ती ओलसर डोळ्यात जाऊन डोळा भाजते, आणि पोत्याच्या शर्यतीत पडलेल्या मुलाचे तोंड नेमके त्या रेषेवर येते. रांगोळीची किंवा खडूची पूड वापरावी. चुना गेलाच तर चोळू न देता वाहत्या स्वच्छ पाण्याने निदान वीस मिनिटे डोळा धुवावा आणि तसेच डॉक्टरांकडे न्यावे. लांब उडीचा खड्डा आदल्या दिवशी खणून सुमारे फूटभर वाळू मोकळी करावी, काचा आणि खडे वेचावेत, आणि फावडे व दाताळे काठावर ठेवू नये. मंडपाचे बांबू, ध्वनिक्षेपकाच्या वायरी आणि फुटबॉलचे सुटे लोखंडी गोलपोस्ट यांवरून सकाळी एकदा हात फिरवून पाहिला की पुरे.

आता देखरेख. अठरा शिक्षक आहेत म्हणजे अठरा जणांचे लक्ष आहे असे नव्हे. आपल्या शाळेत दोन जण माईकवर, तीन बक्षिसांच्या टेबलावर, दोन पाहुण्यांच्या सरबराईत आणि एक फोटो काढण्यात गुंतले, तर उरले दहा, आणि त्यातले सहा शर्यतींचे पंच. पंच शर्यतीकडे पाहतो, मुलांकडे नव्हे. बसलेल्या ३८० मुलांकडे पाहायला चारच जण राहिले. म्हणून सरबराई आणि फोटोची कामे पालक-शिक्षक संघाकडे द्यावीत. मैदानाचा कागदावर नकाशा काढून त्याचे भाग पाडावेत आणि प्रत्येक भागापुढे एकाच शिक्षकाचे नाव लिहावे, ज्याला त्या वेळेत दुसरे कोणतेही काम नसेल. दोन नावे लिहिली की प्रत्येकाला वाटते दुसरा पाहतो आहे. शर्यत संपल्यावर मुले पंचाने वर्गशिक्षकाच्या ताब्यात मोजून द्यावीत, आणि फाटकावर एक माणूस असावा, जो पालकाची सही घेतल्याशिवाय मूल बाहेर सोडणार नाही.

कार्यक्रम थांबवण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न बहुतेक ठिकाणी अनुत्तरित असतो. मुख्याध्यापक व्यासपीठावर पाहुण्यांशेजारी बसलेले असतात आणि तिथून मैदानाचा पलीकडचा कोपरा दिसत नाही. एका शिक्षकाचे नाव ‘सुरक्षा-प्रमुख’ म्हणून लिहावे, त्याच्या गळ्यात शिट्टी असावी आणि त्याची लांब शिट्टी वाजली की सर्व खेळ थांबतील हे सर्वांना आदल्या दिवशी सांगावे. थांबवायचे केव्हा तेही आधीच ठरवावे: सावलीतील जाणवणारा आकडा ३२ च्या पुढे गेला की धावण्याचे प्रकार बंद, ३९ ला सगळेच बंद. उघड्या मैदानावर याआधीच जास्त उष्णता जाणवत असते, म्हणून आकड्याची वाट न पाहता, अर्ध्या तासात तीन मुले चक्कर येऊन टेबलावर आली तरी कार्यक्रम थांबवावा. त्या शिक्षकाने दर अर्ध्या तासाला आकडा पाहून वेळेसह वहीत लिहावा.

प्रथमोपचाराच्या टेबलावरील नोंदवहीत आलेल्या प्रत्येक मुलाचा वर्ग, वेळ, काय झाले आणि काय केले हे लिहावे, आणि कोणाला काही लागले नाही पण थोडक्यात वाचले असे प्रसंगही त्यातच टिपावेत. गोळा दोरीबाहेर पडला, पावणेदहाला एका बाजूचे जार संपले, सहावीची दोन मुले दहा मिनिटे सापडत नव्हती. ही वही त्याच संध्याकाळी सर्व शिक्षकांसमोर वाचून पुढील वर्षीच्या तक्त्याला जोडावी, म्हणजे ‘शक्यता’ या रकान्यातील आकडे पुढच्या वेळी या नोंदींवरून भरता येतात.